हात थरथरला की हलवला?

आमच्या कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात सकाळी एक काका येतात. त्यांना कंपवात आहे. चहाचा ग्लास ते दोन्ही हातांनी धरतात, तरी कधी कधी तो निसटतो आणि फरशीवर फुटतो. मागच्या महिन्यात तिथेच एका तरुणाने फोनवर कुणाशी तरी भांडता भांडता समोरचा ग्लास हाताने उडवला. तोही फुटला. काच तीच, फरशी तीच, आवाजही तसाच. काकांच्या वेळी दोघे-तिघे मदतीला धावले होते. तरुणाकडे मात्र सगळ्यांनी वळून पाहिलं ते रागाने. दोन्ही वेळा हातच हलला होता, मग आमच्या नजरेत एवढा फरक का पडला? हाच प्रश्न हजार-अकराशे वर्षांपूर्वी बसरा आणि बगदादच्या मशिदींत फार बारकाईने घोळला गेला. त्याच्या एका उत्तराचं नाव आहे ‘कस्ब’.

शब्द ओळखीचा वाटेल, कारण तो आपल्याकडे आहेच. हातात कसब असणं, कसबी कारागीर, हे सगळं अरबी ‘कस्ब’मधून फारसीच्या वाटेने मराठीत आलं. (कसबा पेठेतला कसबा मात्र निराळा, त्याचं मूळ दुसऱ्या अरबी शब्दात आहे.) अरबीत कस्ब म्हणजे कमावणं, मिळकत. व्यापारी नफा कमावतो, मजूर रोजी कमावतो, त्या अर्थाने. कुराणात हाच धातू माणसाच्या कर्मांसाठी पुन्हा पुन्हा येतो: माणूस बरं-वाईट जे कमावतो ते त्याच्या खात्यावर चढतं. धर्मशास्त्रज्ञांनी बाजारातला हा रोजचा शब्द उचलला आणि त्याच्यावर एक जड ओझं टाकलं.

ते ओझं असं. इस्लामची पहिली श्रद्धा ही की निर्माता एकच. मग माणसाची कृती, म्हणजे त्याचं चालणं, बोलणं, मारणं, हे कुणी निर्माण केलं? माणसाने केलं म्हणावं तर छोटे छोटे कोट्यवधी निर्माते उभे राहतात आणि एकत्वाला तडा जातो. ईश्वराने केलं म्हणावं तर चोरी त्याने निर्माण केली आणि शिक्षा चोराला, हा कुठला न्याय? आपल्याकडे अशा वेळी प्रारब्ध मदतीला येतं, मागच्या जन्मीचा हिशेब पुढे आणता येतो. इथे मागचा जन्म नाही. जो काही हिशेब जुळवायचा तो ह्याच क्षणात, ह्याच कृतीत.

आठव्या शतकात दोन टोकं स्पष्ट झाली होती. जहम इब्न सफवानच्या नावावर असलेलं मत असं की कृती खऱ्या अर्थाने फक्त ईश्वराची. झाड हललं, सूर्य मावळला असं आपण म्हणतो तसंच माणूस चालला म्हणायचं, बोलायची पद्धत म्हणून. दुसऱ्या टोकाला पुढे मुअतझिला पंथ भक्कम उभा राहिला. ईश्वर न्यायी आहे, म्हणून माणसाची कृती माणसाचीच असली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दैववादाला त्या काळी राजकीय वासही होता. उमय्या खलिफांच्या राजवटीत जुलमालाही ईश्वरी आदेशाचं कवच मिळायचं, आणि माणसाच्या स्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या दमास्कसच्या घैलानला जीव गमवावा लागला. मधली वाट पहिल्यांदा सुचवली ती दिरार इब्न अम्र ह्याने. एकाच कृतीला दोन कर्ते असू शकतात, एक तिला निर्माण करतो आणि दुसरा ती कमावतो, असं त्याचं सूत्र होतं. पण कस्ब जगभर ओळखलं जातं ते अबुल हसन अल-अशअरी ह्याच्या नावाने.

अशअरीचा जन्म बसऱ्यात साधारण 873 सालचा. मुअतझिलांचा तिथला म्होरक्या अल-जुब्बाई हा त्याचा गुरू, आणि चाळिशीपर्यंत तो त्याच पंथाचा कडवा वादपटू होता. मग एका शुक्रवारी बसऱ्याच्या मशिदीत त्याने उंचावर चढून सगळ्यांसमोर जुनी मतं सोडल्याचं जाहीर केलं, असा वृत्तांत दहाव्या शतकातल्या इब्न अन-नदीमने नोंदवला आहे. त्या जाहीर पश्चात्तापात एक कलम असं होतं: माझी वाईट कृत्यं मीच निर्माण करतो असं मी आजवर म्हणत होतो, ते मी सोडतो. आपल्या वाईट कृत्यांचं कर्तेपण सोडून देणं हा पश्चात्ताप कसा, असं आपल्याला वाटेल. जुब्बाईलाही तसंच वाटलं असणार. अशअरीच्या नजरेतून मात्र हे ईश्वराच्या हक्कात केलेली घुसखोरी मागे घेणं होतं.

‘किताब अल-लुमा’ ह्या त्याच्या छोट्या ग्रंथात ह्या मताची मांडणी आहे. कृतीचा निर्माता माणूस नाही हे तो कसं दाखवतो ते बघण्यासारखं आहे, कारण तो आकाशातून सुरुवात करत नाही. तो म्हणतो, नास्तिकाकडे बघा. आपला नकार खरा आणि चांगला ठरावा म्हणून तो धडपडतो, तरी तो खोटा आणि वाईटच राहतो. श्रद्धावानाला वाटतं की श्रद्धेत कष्ट नसावेत, तरी कष्ट पडतातच. म्हणजे कृती जशी असते तशी ती तिच्या कर्त्याच्या इच्छेने ठरत नाही. मग तिला तसं कुणी घडवलं? ह्या युक्तिवादात नकार वाईट असतो हे आधीच धरून चाललं आहे, आणि ते विरोधकाने का मानावं हा आक्षेप रास्त आहे. पुढे गझालीने ह्याचीच एक जास्त पटणारी बाजू पुढे आणली. निर्मात्याला आपल्या निर्मितीचा तपशील माहीत हवा. तुम्ही दारापर्यंत चालत गेलात, त्यात किती हालचाली झाल्या हे तुम्हाला ठाऊक आहे का? मधमाशी षट्कोनी घरं बांधते आणि कोळी जाळं विणतो, पण त्यांना भूमिती येते असं कुणी म्हणत नाही.

एवढं झाल्यावर अशअरी जहमच्या पंगतीला जाऊन बसायला हवा होता. तिथेच तो अडतो, आणि अडण्याचं कारण म्हणून एक साधा अनुभव पुढे करतो. तापाने हुडहुडी भरलेला किंवा कंपवाताचा माणूस हलतो. धडधाकट माणूस येतो-जातो, तोही हलतो. ह्या दोन हालचालींतला फरक माणसाला आतून कळतो, त्यासाठी पुरावा लागत नाही. पहिल्या हालचालीत तो असहाय असतो. दुसरीत त्याच्यात काहीतरी असतं जे पहिलीत नव्हतं. अशअरी त्याला ‘कुद्रत’ म्हणतो, म्हणजे शक्ती. मराठीतली कुदरत तीच, पण इथे तो शब्द माणसाच्या अंगातल्या, ईश्वराने दिलेल्या क्षणिक शक्तीसाठी आहे. अशा शक्तीच्या सोबतीने घडलेली कृती म्हणजे कस्ब. दोन्ही हालचाली ईश्वराने निर्माण केल्या, पण कमावलेली एकच.

आता अमृततुल्यातला तो तरुण घेऊ आणि अशअरीच्या हिशेबाने ग्लास उडवला गेला त्या क्षणाकडे सावकाश बघू. त्याच्या मनात ग्लास उडवायची इच्छा आली. ती ईश्वराने निर्माण केली. त्याच्या हातात शक्ती आली. तीही ईश्वराने निर्माण केली. हात हलला, ती हालचालही त्याचीच निर्मिती. शक्ती आधी आणि हालचाल मागून, असं मात्र नाही, दोन्ही एकाच क्षणात. ह्यामागे अशअरी पंथाचं जगाचं एक विलक्षण चित्र आहे. रंग, उष्णता, हालचाल, शक्ती, वस्तूंचे असे सगळे गुणधर्म एक क्षण टिकतात आणि विरतात, ईश्वर ते क्षणाक्षणाला नव्याने निर्माण करतो. म्हणून आदल्या क्षणीची शक्ती पुढच्या क्षणी कामाला येत नाही. पुढच्या क्षणी ती नसतेच.

आणि ग्लास? इथे बहुतेक वाचक चकतील. ग्लासाचं पडणं आणि फुटणं हे तरुणाचं कस्बसुद्धा नाही. कमाई फक्त तिथेच होते जिथे शक्ती आहे, म्हणजे त्याच्या स्वतःच्या अंगात. हाताचा धक्का लागला की ग्लास कलंडतो, हा ईश्वराचा नेम आहे. विस्तवाजवळ कापूस धरला की जळतो, तोही तसाच नेम. तो नेम ईश्वर सहसा मोडत नाही म्हणून आपण निर्धास्त जगतो. मुअतझिलांचं उत्तर उलटं होतं. हालचालीतून उपजलेले परिणामही कर्त्याचेच, असं ते मानत. धनुर्धराने बाण सोडला आणि बाण लागण्याआधी धनुर्धर मेला, तर तो खून कुणाचा, अशी कोडी घालून ते तासन्‌तास वाद घालत.

वादाची खरी गाठ काचेत नव्हती, शक्तीच्या वेळेत होती. मुअतझिला म्हणत, शक्ती कृतीच्या आधी असली पाहिजे आणि ती दोन्हीकडे चालणारी हवी. ग्लास उडवायचीही आणि न उडवायचीही. तेव्हाच ‘तू थांबू शकला असतास’ हे वाक्य खरं ठरतं. अशअरीची शक्ती कृतीबरोबरच जन्मते आणि तिच्याचपुरती असते. ग्लास उडवण्याच्या शक्तीने ग्लास न उडवणं जमत नाही. म्हणजे त्या क्षणी तरुण थांबू शकत होता का? अशअरीचं प्रामाणिक उत्तर: नाही. पण का नाही, ह्यावर तो भेद करतो. पांगळ्याला चालता येत नाही ते पांगळेपणामुळे. बसून राहिलेल्या धडधाकट माणसाला त्या क्षणी चालता येत नाही ते तो बसण्यात गुंतला आहे म्हणून. पांगळ्याला ‘चाल’ म्हणणं व्यर्थ, बसलेल्याला म्हणणं व्यर्थ नाही.

मला हा भेद खरा वाटतो, पण पुरेसा वाटत नाही. त्याला बसण्यात गुंतवलं कुणी, हा प्रश्न तसाच उरतो. रय शहराचा काझी आणि मुअतझिलांचा शेवटचा मोठा पंडित अब्दुल जब्बार (मृत्यू 1025) ह्याने तर कस्ब ह्या कल्पनेत समजण्यासारखं काही नाहीच, असं ठणकावलं. शक्ती असून जर ती काही घडवत नसेल, तर ती असण्याने आणि नसण्याने फरक काय पडतो?

‘मग चोरीचा निर्माता चोर ठरणार की नाही’ हा दुसरा आक्षेप अशअरीला तेवढा जड गेला नाही. कुणाच्या अंगात काळा रंग निर्माण करणारा स्वतः काळा होत नाही. हालचाल निर्माण करणारा स्वतः हलत नाही. तसंच दुसऱ्याच्या ठायी अन्याय निर्माण करणारा अन्यायी होत नाही, गुण चिकटतो तो ज्याच्या ठायी तो आहे त्याला. शिवाय अन्याय म्हणजे घालून दिलेली हद्द ओलांडणं, आणि ईश्वराला हद्द घालून देणारा कुणी वर नाही. इथे तर्क पक्का बसतो. मनाला तो थंडगार लागतो, ही गोष्ट वेगळी.

पंथाच्या पुढच्या पिढ्यांना हा थंडपणा टोचत होता, हे त्यांच्या दुरुस्त्यांवरून दिसतं. बाकिल्लानीने (मृत्यू 1013) एक चतुर वाट काढली. हालचाल, नुसती हालचाल म्हणून, ईश्वराची. पण ती प्रार्थना आहे की चोरी, हा तिचा गुण माणसाच्या शक्तीने येतो. ह्यासाठी पुढच्या ग्रंथांत अनाथ पोराला मारलेल्या थपडेचं उदाहरण येतं. वळण लावायला मारली तर एक, छळायला मारली तर दुसरी. हात दोन्ही वेळा सारखाच उठला. वाचताना बरं वाटतं, पण मग तो ‘गुण’ कुणी निर्माण केला? माणसाने म्हणालात तर मागच्या दाराने छोटा निर्माता घरात आला.

त्याच्यानंतरचा जुवैनी (मृत्यू 1085) एका ग्रंथात जुन्या अशअरी मताला धरून आहे. सेल्जुक वझीर निझामुल्मुल्कच्या नावाने लिहिलेल्या दुसऱ्या ग्रंथात मात्र तो सरळ सांगतो की माणसाच्या शक्तीचा कृतीवर परिणाम होतोच. तो नाकारला तर धर्माचे सगळे आदेश पोकळ ठरतात. शक्ती स्वतः ईश्वराने निर्मिलेली आहे, एवढ्यावर तो एकत्व सांभाळतो. गुरुस्थानी असलेल्या माणसाने आपल्याच पंथाच्या कण्यावर असं बोट ठेवावं, ह्याचं मला कौतुक वाटतं.

जुवैनीचा शिष्य गझाली (1058–1111) परत वळला, पण वेगळ्या वाटेने. त्याने माणसाच्या कृती तीन थरांत लावल्या. पाण्यावर उभा राहिलात तर शरीर पाणी चिरत खाली जाणारच, हा पहिला. श्वास घेणं हा दुसरा. सुई डोळ्यासमोर आणली की पापणी मिटते, तीही ह्यातच. इच्छा आहे, पण ती रोखता येत नाही. तिसरा थर लिहिण्या-बोलण्याचा, जिथे आधी बुद्धी तोलते आणि मग हात हलतो. खरी निवड इथे आहे असं आपण म्हणतो. गझाली विचारतो, बुद्धीचा कौल झाल्यावर इच्छा थांबते का? हातात धारदार सुरी असली तरी धडधाकट मनाचा माणूस स्वतःचा गळा कापू शकत नाही. हात लुळा आहे म्हणून नाही, कौल तसा मिळत नाही म्हणून. निष्कर्ष असा की माणूस निवड करतो, पण निवड करायला तो बांधलेला आहे. विस्तवाचं जाळणं ही निव्वळ सक्ती, ईश्वराचं करणं ही निव्वळ निवड, आणि माणूस मधला. त्या मधल्या जागेला तिसरा शब्द हवा होता म्हणून कुराणातला कस्ब घेतला, असं तो सांगतो. त्याचीच एक मुंगी आहे. ती कागदावरून चालते, टाकाचं टोक कागद काळा करताना बघते आणि लिहिणारा टाकच आहे असं समजते. तिची नजर बोटांपर्यंत पोचत नाही, मग हातापर्यंत कुठून पोचणार?

एवढ्या दुरुस्त्या झाल्या म्हटल्यावर थट्टा होणारच. एखादी गोष्ट हाती लागत नाही इतकी तलम असली की ‘अशअरीच्या कस्बाहून बारीक’ असं म्हणायची पद्धत अरबी पंडितांत पडली. ज्या तीन गोष्टींची नुसती नावं आहेत आणि आत काही नाही अशा सांगितल्या जात, त्यांत कस्ब पहिला. स्वतः अशअरी असलेला फख्रुद्दीन राझी (मृत्यू 1210) तर, माणूस हा निवडणाऱ्याच्या रूपातला बांधलेला माणूसच आहे, इथवर आला.

थट्टेने मत मेलं नाही. कैरोच्या अल-अझहरमध्ये अशअरी विचार आजही शिकवला जातो. पंधराव्या शतकातल्या सनूसीच्या छोट्या श्रद्धाग्रंथाने तर तो पाठांतरातून उत्तर आफ्रिकेपासून जावापर्यंत नेला, आणि त्या परंपरेची व्याख्या रोखठोक आहे: कस्ब म्हणजे कृतीशी असलेला शक्तीचा संबंध, परिणामाविना. समरकंदच्या मातुरीदीची (मृत्यू 944) शाखा माणसाच्या निवडीला जास्त जागा देते, आणि भारतातले बहुसंख्य हनफी मुसलमान परंपरेने तिच्याकडचे. कोकणी मुसलमान शाफई आहेत आणि शाफई परंपरेचं नातं मुख्यतः अशअरीशी. म्हणजे बसऱ्याच्या मशिदीतला तो वाद रत्नागिरी-रायगडच्या मदरशांपासून फार लांबचा नाही.

माझं मत विचाराल तर कस्बाने जबाबदारी कुठून येते हे सांगितलं नाही. ती कुठे आहे आणि कुठे नाही, ही रेघ मात्र नेमकी ओढली, आणि रेघेच्या एका बाजूला कापणारा हात ठेवला. ह्या रेघेवर काझींना रोजचं काम करता आलं. झोपलेला माणूस, लहान मूल, वेडा ह्यांच्या खात्यावर पाप चढत नाही, हा दंडक धर्मशास्त्रज्ञांच्या भांडणाहून जुना आहे आणि सगळ्या पंथांना मान्य आहे. पण पाप वेगळं आणि भरपाई वेगळी. झोपेत कूस बदलताना एखाद्याच्या अंगाखाली तान्हं मूल चिरडलं गेलं, तर त्याला खुनी म्हणत नाहीत, तरी रक्तमोबदला द्यावाच लागतो. कारण गेलेला जीव कुणाच्या इच्छेने गेला नाही म्हणून परत येत नाही.

त्या हिशेबाने अमृततुल्यातल्या दोन्ही ग्लासांची किंमत भरून द्यावी लागते, तरुणाला आणि काकांनाही. मालकाने तरुणाकडून पैसे घेतले आणि काकांकडून घेतले नाहीत. तो त्याचा हक्क होता, त्याने सोडला.